डॉलर-सेंटची शाब्दिक उदाहरणे मराठीत आणताना

अमेरिकेतल्या चौथी-पाचवीच्या गणितात हमखास सापडेल असे एक उदाहरण घेऊ.

«एमाकडे १० डॉलर आहेत. तिने प्रत्येकी १.७५ डॉलरचे ३ मफिन आणि २.५० डॉलरचे एक लेमनेड घेतले. तिला किती पैसे परत मिळतील?»

मराठी माध्यमाच्या वर्गासाठी याचे रूपांतर करताना सहसा तीनपैकी एक वाट धरली जाते, आणि तिन्ही वाटांवर काहीतरी सांडते.

पहिल्या वाटेने एमाची मीना होते आणि डॉलरचे रुपये होतात. मफिन आता १ रुपया ७५ पैशांचा. वाक्य मराठी झाले, पण हा भाव कुठल्याच दुकानात नाही. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. ५० पैशांचे नाणे कायद्याने चालते, पण आज दहा वर्षांच्या मुलाने ते हातात धरलेले असण्याची शक्यता फार थोडी. त्यामुळे दशांशचिन्हाच्या उजवीकडचे ७५ त्याला काहीच सांगत नाहीत. काही मुले ते वगळतात. काही मुले तर सरळ १७५ रुपये धरतात, कारण तेवढी किंमत त्यांना निदान ऐकून माहीत असते.

दुसरी वाट चलनाच्या दराची. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर मफिन १४८ रुपये ७५ पैशांचा, लेमनेड २१२ रुपये ५० पैशांचे आणि मीनाकडे ८५० रुपये. मूळ आकडे मुद्दाम निवडलेले होते, हे आकडे गुणाकारातून आपोआप पडलेले आहेत. गणित उगीच अवघड झाले आणि किंमत तरीही खरी वाटत नाही.

तिसरी वाट सगळ्यांत गोड दिसते आणि म्हणून फसवते. मीनाकडे १०० रुपये, २० रुपयांचे ३ वडापाव, १० रुपयांचे सरबत, परत किती? गोष्ट अगदी आपल्या नाक्यावरची. पण साठ अधिक दहा सत्तर, शंभरातून सत्तर गेले तीस, हे तिसरीतले मूल तोंडी सांगेल. दशांश गेला, गुणाकारातले हातचे गेले, शून्यांमधून वजाबाकी गेली. पाचवीच्या मुलासमोर तिसरीचे उदाहरण ठेवले गेले आणि शिक्षकाला वाटते की रूपांतर उत्तम जमले, कारण सगळी मुले ते सोडवतात.

आधी उदाहरण सोडवा, मग सांगाडा लिहा

भाषांतराला हात घालण्यापूर्वी मूळ उदाहरण कागदावर, विद्यार्थी सोडवेल त्या पद्धतीने, हातच्यांसकट सोडवावे. वरच्या उदाहरणात पहिली पायरी ३ × १.७५. तीन पाचे पंधरा, हातचा १. तीन साते एकवीस आणि एक बावीस, हातचे २. तीन एके तीन आणि दोन पाच. उत्तर ५.२५. दुसरी पायरी ५.२५ + २.५० = ७.७५, यात हातचा नाही. तिसरी पायरी १० − ७.७५. इथे मुलाला १० हे १०.०० असे लिहावे लागते आणि दोन शून्ये ओलांडून दशक सुटा करावा लागतो. उत्तर २.२५.

आता छोट्या कार्डावर चार गोष्टी टिपायच्या, हाच उदाहरणाचा सांगाडा. कोणत्या क्रिया, कोणत्या क्रमाने. अज्ञात संख्या गोष्टीत कुठे आहे: शेवटी, मध्ये की सुरुवातीला. आकड्यांत मुद्दाम पेरलेले काय आहे: हातचा, शून्य, बाकी, वेगवेगळी दशांश स्थळे. आणि चौथी, जी बहुतेक वेळा राहून जाते: उदाहरणात न लिहिलेली पण सोडवणाऱ्याला माहीत असायला हवी अशी गोष्ट. एमाच्या उदाहरणात ती म्हणजे एका डॉलरचे १०० सेंट. मफिन काय असतो हे माहीत नसले तरी काही अडत नाही.

म्हणजे या उदाहरणात मफिन हा अडथळा नव्हताच. मुलाने मफिनच्या जागी काहीही धरले तरी उत्तर येते. अडथळा १.७५ हा होता. परका शब्द डोळ्यांत भरतो म्हणून आपण तो आधी बदलतो, पण उदाहरणाचा भार बहुधा दुसरीकडेच असतो. शहरी मुलांना पिझ्झा आणि केक चांगले ओळखीचे आहेत. ते शब्द नुसते इंग्रजी वाटतात म्हणून हटवायची गरज नाही.

आकड्यांना घर शोधा

सांगाडा हातात आला की प्रश्न उलटा विचारायचा. मफिनला मराठीत काय पर्याय आहे हे विचारू नये. १.७५, २.५० आणि १० हे आकडे महाराष्ट्रातल्या मुलाच्या आसपास खरोखर कुठे नांदतात, हे विचारावे.

पैशांत ते नांदत नाहीत. पण कापडात नांदतात. मीटरचे १०० सेंटिमीटर होतात, म्हणजे डॉलर-सेंटची शंभराची पायरी इथे जशीच्या तशी आहे. पावणेदोन मीटर, अडीच मीटर ही मापे कापडाच्या दुकानात आणि शिंप्याकडे रोज उच्चारली जातात. मग उदाहरण असे होते:

«शिंपीकाकांकडे १० मीटर कापड आहे. त्यांनी ३ शर्ट आणि १ झब्बा शिवला. एका शर्टाला १.७५ मीटर कापड लागले. एका झब्ब्याला २.५० मीटर कापड लागले. किती मीटर कापड शिल्लक राहिले?»

एकही आकडा बदललेला नाही. पायऱ्या त्याच, हातचे तेच, शून्यांमधली वजाबाकी तीच, उत्तर २.२५. शिवाय मुलांच्या चुकाही त्याच राहतात. तीनने गुणायला विसरलेल्या मुलाचे उत्तर मूळ उदाहरणात ५.७५ डॉलर आले असते, इथे ५.७५ मीटर येते. मूळ पुस्तकात चुकीच्या उत्तरांवरून निदान करणारा तक्ता असेल तर तो तसाच वापरता येतो. रूपांतर बरोबर झाल्याची ही चांगली खूण आहे.

एक गंमतही होते. घरी शिवणकाम असलेले मूल ‘तीन पावणेदोन’ म्हणजे सहातून पाऊण कमी, सव्वापाच, असे तोंडी करेल. ती पद्धत बरोबर आहे आणि तिचे कौतुकच व्हावे. पण दशांश लिहून गुणायचा सराव हवा असेल तर उदाहरणात ‘पावणेदोन’ हा शब्द लिहू नये, १.७५ लिहावे. आणि पाऊणकी-सव्वाकीची तोंडी वाटच शिकवायची असेल तर मुद्दाम शब्दातच द्यावे.

आता समजा पाठ पैशांचाच आहे, आणि नोट देऊन परत किती हा व्यवहारच शिकवायचा आहे. मग दशांश सोडावा लागेल, पण अंक सोडायची गरज नाही. सगळे १०० ने गुणा: १७५, २५०, १०००. या किमतींना शोभेल अशी वस्तू शोधा.

«आईने दुकानदाराला ५०० रुपयांच्या २ नोटा दिल्या. तिने ३ पाण्याच्या बाटल्या आणि १ छत्री घेतली. एका बाटलीची किंमत १७५ रुपये आहे. छत्रीची किंमत २५० रुपये आहे. दुकानदार आईला किती रुपये परत देईल?»

तीन बाटल्यांचे ५२५, छत्री धरून ७७५, परत २२५. हातचे सगळे जागेवर आहेत, १००० मधून वजाबाकीही आहे. २२५ रुपये २००, २० आणि ५ असे सुटेही देता येतात, म्हणजे खोट्या नोटा घेऊन वर्गात दुकान मांडायचे असेल तर अडचण नाही. वस्तू निवडताना हा सुट्यांचा प्रश्न तपासावाच. उत्तर ३७ रुपये ४० पैसे आले तर ते कोणी कसे परत देणार?

पैशांत दशांश हवाच असेल तर पैसे अजून जिवंत असलेल्या जागा शोधाव्यात. पेट्रोलचा दर असतोच. गावात दूध संकलन केंद्रावर लिटरचा दर ३४.५० असा लागतो आणि फॅट ३.५ असे लिहिलेले असते. ज्या मुलाच्या घरची किटली रोज तिथे जाते त्याला दशांश नवा नाही. कांद्याचा भाव बाजार समितीत क्विंटलने बोलला जातो. क्विंटल म्हणजे १०० किलो, म्हणून १७५० रुपये क्विंटल म्हणजे किलोला १७.५०. शंभराने भागल्यावर दशांशचिन्ह कुठे जाते हे शिकवायला यापेक्षा चांगला संदर्भ क्वचितच मिळेल.

न लिहिलेले नियम

वस्तूचे नाव बदलले तरी व्यवहाराची पद्धत परकीच राहते, आणि मुले अडखळतात ती बहुधा इथे. नेहमी भेटणारे काही प्रकार सविस्तर बघू.

*विक्रीकर.* «खेळणे २४ डॉलरचे आहे. विक्रीकर ५ टक्के आहे. एकूण किती द्यावे लागतील?» अमेरिकेत फळीवर लिहिलेल्या किमतीवर गल्ल्यापाशी कर वाढतो. आपल्याकडे पाकिटावरची छापील किंमत सर्व करांसह असते. खेळण्यावर २४० रुपये छापलेले असताना दुकानदार वर १२ रुपये मागतो, अशी गोष्ट लिहिली तर चौकस मूल म्हणेल की दुकानदार फसवतोय, आणि ते मूल बरोबर असेल. कर वरून लागलेला खरोखर दिसतो तो हॉटेलच्या बिलात. २४० रुपयांचे जेवण, त्यावर ५ टक्के जीएसटी १२ रुपये, एकूण २५२. बिलावर तो अडीच-अडीच टक्के असा केंद्र आणि राज्यात विभागलेला छापतात. प्रश्नात ‘एकूण ५ टक्के’ लिहिले की पुरते. मूळ उत्तर २५.२० होते, इथे २५२. अंक तेच.

*टिप.* «४० डॉलरच्या बिलावर १५ टक्के टिप दिली.» टक्केवारी मोजून टिप द्यायची आपल्याकडे रीत नाही. म्हणून पुष्कळदा इथे ‘१५ टक्के सूट’ घातली जाते आणि बेरजेची वजाबाकी होते: ४६ च्या जागी ३४. हे रूपांतर नव्हे, दुसरेच उदाहरण झाले. टक्केवारी वरून मिळवली जाते असा आपला व्यवहार हवा. सोनाराची घडणावळ अशीच असते: ४०,००० रुपयांचे सोने, १५ टक्के घडणावळ ६,०००, मिळून ४६,०००. सोन्यावर जीएसटीही लागतो, म्हणून ‘कर सोडून’ हे दोन शब्द घालावेत. मोठे आकडे नको असतील तर हॉटेलचे बिलच बरे.

*क्वार्टर नावाचे नाणे.* «जेककडे ३ क्वार्टर, २ डाइम आणि ४ पेनी आहेत.» म्हणजे २५ ची तीन, १० ची दोन, १ ची चार नाणी, ९९ सेंट. आपल्याकडे २५ चे ना नाणे, ना नोट. इथे उदाहरण कशासाठी आहे हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वेगवेगळ्या किमतीची नाणी मोजून एकूण काढणे हा हेतू असेल तर २० च्या ३ नोटा, १० च्या २ आणि १ रुपयाची ४ नाणी घ्यावीत: ६० आणि २० आणि ४, एकूण ८४. ५० च्या तीन नोटा घेतल्या तर बेरीज शंभरापलीकडे जाते आणि दुसरीच्या मुलाला ती झेपेलच असे नाही.

हेतू पंचवीस म्हणजे शंभराचा चौथा भाग, हा असेल तर मात्र नोटांचा उपयोग नाही. इथे पाव किलो कामाला येतो. तीन पाव म्हणजे पाऊण किलो, चार पाव म्हणजे किलो, हे मूल बाजारातून आधीच शिकलेले असते. फक्त एक चूक टाळावी: ‘दुकानदाराने २५० ग्रॅमचे वजन पारड्यात ठेवले’ असे लिहू नये. प्रमाणित वजने ५०, १००, २००, ५०० ग्रॅम अशी असतात. पाव किलो तोलायला २०० आणि ५० ठेवावे लागतात. हवे तर यातूनच एक नवे उदाहरण निघते.

*गाडीत किती मावतील.* «४२ मुले सहलीला जाणार आहेत. एका व्हॅनमध्ये ८ मुले बसतात. किती व्हॅन लागतील?» भागाकार ५, बाकी २, म्हणून ६ व्हॅन. बाकीचा अर्थ लावायला शिकवणारे हे नामांकित उदाहरण. त्यात व्हॅनची जीप केली की साताऱ्या-सांगलीकडचे मूल शांतपणे सांगते की ५ जीप पुरतील. वडापमध्ये, म्हणजे वाटेत प्रवासी भरत जाणाऱ्या जीपमध्ये, दोघे जास्त बसतात, हे त्याने रोज पाहिले आहे. मूल चुकलेले नाही, आपली निवड चुकली आहे. ज्यात एकही जास्त मावत नाही अशी वस्तू निवडावी. अंड्यांचा ट्रे उत्तम, कारण त्यात ३० खळगे असतात आणि एकतिसावे अंडे ठेवायला जागाच नसते. आकडे तसेच ठेवायचे असतील तर ८ खणांचा लाडवांचा बॉक्स घ्यावा: ४२ लाडू, सगळे लाडू भरायला किती बॉक्स? ‘सगळे’ हा शब्द गाळू नये. तो गेला की ५ हेही उत्तर योग्य ठरते.

खाण्याच्या वस्तू आणि अपूर्णांक

पिझ्झाच्या जागी भाकरी, हा बदल जवळजवळ आपोआप सुचतो. पिझ्झा चकतीने आठ सारख्या तुकड्यांत कापला जातो, भाकरी मोडली जाते. अर्धी भाकरी आणि चतकोर भाकरी हे शब्द घराघरांत आहेत, म्हणून अर्धा, पाव, पाऊण यांसाठी भाकरी चांगली. भाकरीचे आठ किंवा सहा सारखे भाग मात्र कोणी करत नाही. ‘रमेशने ३/८ भाकरी खाल्ली’ हे वाक्य ‘३/८ पिझ्झा’पेक्षा जास्त परके आहे, कारण पिझ्झा निदान चित्रात तरी तसा कापलेला दिसतो.

आठवे, सहावे, बारावे भाग हवे असतील तर थाळीत थापलेल्या वड्या घ्याव्यात. नारळाची वडी किंवा चिक्की चौकोनी ट्रेमध्ये ३ ओळी आणि ४ स्तंभ अशी कापली की बारा सारखे भाग मिळतात, आणि पुढे अपूर्णांकांच्या गुणाकाराला हीच आकृती उपयोगी पडते. ट्रे चौकोनीच सांगावा आणि कापही उभे-आडवे असावेत. तिरप्या कापांच्या, शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या केल्या तर कडेला त्रिकोणी तुकडे उरतात आणि ‘सारखे भाग’ ही अटच मोडते. गोल थाळीतही तेच होते. चित्रकाराला हे आधी सांगितले नाही तर पुस्तकात नेमकी तिरपी वडी येते, कारण तीच सुंदर दिसते.

सण आणि मुलांचे उद्योग

इथे नावापेक्षा व्यवहाराचा आकार जुळवावा. हॅलोवीनला मुले दारोदार गोळ्या गोळा करतात, म्हणजे वेगवेगळ्या घरांतून थोडे-थोडे येऊन साठते. दिवाळीच्या फराळात हा आकार नाही. संक्रांतीच्या तिळगुळात आहे, ईदीत आहे. व्हॅलेंटाइनच्या कार्डांत वर्गातला प्रत्येक जण प्रत्येकाला एक कार्ड देतो. दसऱ्याला आपट्याची पाने अगदी तशीच दिली-घेतली जातात. ६ मित्रांनी प्रत्येकाला एक-एक पान दिले तर ६ × ५ = ३० पाने. हेच उदाहरण हस्तांदोलनावर नेले तर उत्तर १५ होते, कारण एका हस्तांदोलनात दोघे येतात. म्हणून ही अदलाबदल करू नये.

रस्त्याकडेला लेमनेड विकणारी मुले ही अमेरिकी पुस्तकांतली नेहमीची जोडी. त्यात साहित्याचा खर्च, विक्री आणि नफा असे तिन्ही असते. जिल्हा परिषदेच्या शाळांत भरणारा बाल आनंद मेळावा याला नेमका जुळतो. मुले घरून भेळ, सरबत, भाजी आणून विकतात आणि संध्याकाळी खर्च वजा करून हिशोब करतात. आठवड्याचा ठरलेला पॉकेटमनी मात्र तितका सर्वदूर नाही. दर आठवड्याला तेवढीच रक्कम जमते अशी गोष्ट हवी असेल तर आईच्या बचत गटाची वर्गणी घ्यावी.

पौंड, औंस आणि एकर

१६ औंसांचा एक पौंड, म्हणून ४ पौंड ३ औंसांतून १ पौंड ९ औंस वजा करताना मुलाला पौंड मोडून १६ औंस करावे लागतात. पौंडांचे किलो केले की १००० ग्रॅम येतात, सगळी दशमान पद्धत होते आणि उदाहरणाचा हेतूच नाहीसा होतो. दहाची पायरी नसलेली आपली मापे घ्यावीत: तास-मिनिटे, डझन, फूट-इंच. शेतकरी कुटुंबांतल्या मुलांसाठी एकर-गुंठे आहेत, ४० गुंठ्यांचा एक एकर. ४ एकर १० गुंठ्यांतून १ एकर २५ गुंठे विकले तर २ एकर २५ गुंठे उरतात. या उदाहरणात एकर मोडताना मूल सवयीने १०० गुंठे धरते का हे लगेच कळते, कारण मग त्याचे उत्तर २ एकर ८५ गुंठे येते. शहरी वर्गात हे चालणार नाही. तिथे मिनिटेच बरी.

वाक्ये लिहिताना

इंग्रजीत अट पुष्कळदा प्रश्नानंतर लटकते. मराठीत माहिती आधी, प्रश्न शेवटी, आणि एका वाक्यात एकच आकडा, असे ठेवले की वाचनाचा अडथळा बराच कमी होतो. मात्र हे करताना उदाहरण नकळत सोपे होते का हे बघावे. हे घ्या: «लीलाकडे १८ गोट्या आहेत. तिच्याकडे समीरपेक्षा ७ गोट्या कमी आहेत. समीरकडे किती गोट्या आहेत?» उत्तर २५. इथे ‘कमी’ लिहिले आहे पण बेरीज करायची आहे, हीच या उदाहरणाची मेख. मराठी ओघवती करण्याच्या नादात ‘समीरकडे लीलापेक्षा ७ गोट्या जास्त आहेत’ असे लिहिले की मेख गेली. तसेच मुळात नसलेला ‘एकूण’ किंवा ‘मिळून’ शब्द आपण भर म्हणून घातला तर मूल गोष्ट न वाचता बेरीज करून मोकळे होते.

‘३ पेन १० रुपयांना’ हे बाजारात चालते. तिथे वस्तू समोर असते. कागदावर ते तिन्हींचे मिळून दहा की एकाचे दहा, हे कळत नाही. ‘एका पेनची किंमत १० रुपये’ किंवा ‘तिन्ही पेनांची मिळून किंमत १० रुपये’ असे उघड लिहावे. ‘पाचपटीने जास्त’ हेही टाळावे, कारण त्यातून पाचपट की सहापट हा वाद निघतो. नुसते ‘पाचपट’ लिहावे. गोष्टीत दोन माणसे असतील तर एक मुलगा आणि एक मुलगी ठेवावी. मग ‘त्याने’ आणि ‘तिने’ यांवरून कोण कोण ते आपोआप कळते. किरणसारखे दोन्हीकडे चालणारे नाव या सोयीचा फायदा घालवते. मोठ्या संख्यांत स्वल्पविरामाची जागा बदलायला विसरू नये: मूळचे 250,000 मराठीत २,५०,००० होते.

मुलांपुढे ठेवून पाहणे

चार-पाच मुले पुरतात. आधी आकडे झाकून नुसती गोष्ट वाचायला द्यावी आणि ती स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावी. कोणी काय घेतले, काय दिले, काय विचारले आहे हे मुलाने सांगितले तर गोष्ट पोहोचली. मग आकड्यांसकट सोडवायला द्यावे. अडचण कुठे आहे हे ओळखायला दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलांना तीच क्रिया गोष्टीशिवाय, कोरी द्यावी: ३ × १.७५, मग त्यात २.५० मिळव, मग १० मधून वजा कर. कोरी क्रिया जमली आणि गोष्ट जमली नसेल तर आपले लेखन दुरुस्त करायचे. दोन्ही जमले नसेल तर दशांशाचा पाठ पुन्हा घ्यायचा, गोष्टीला हात लावू नये. आणि गोष्ट सगळ्यांना जमली पण कोरी क्रिया अडली, तर गोष्टीत कुठेतरी उत्तराची चाहूल आहे असे समजून वाक्ये पुन्हा तपासावीत.

एकाच वाक्याशी दोन-तीन मुले थांबली तर ते वाक्य तोडावे. एखाद्या मुलाने ‘पण छत्री एवढ्याला मिळत नाही’ म्हटले तर किंमत तपासावी. भाजीचे भाव महिन्याभरात उलटेपालटे होतात, म्हणून छापायच्या उदाहरणात टोमॅटो-कांद्याचा किरकोळ भाव शक्यतो घेऊ नये. ५ आणि १० रुपयांची पाकिटे, वह्या, बाटल्या यांच्या किमती सावकाश बदलतात. हा सगळा हिशोब महाराष्ट्रातल्या मराठी माध्यमाच्या वर्गासाठी झाला. अमेरिकेत रविवारच्या मराठी शाळेत येणाऱ्या मुलाला क्वार्टर ओळखीचे असते आणि पाव किलो परका. त्याच्यासाठी मूळ नाणी तशीच ठेवून फक्त वाक्ये मराठीत आणावीत. कार्डावर सांगाड्याच्या खाली हे उदाहरण कोणत्या वर्गासाठी, कोणत्या भागासाठी आणि कोणत्या वर्षीच्या किमतींनी केले, एवढे लिहून ठेवले की पुढच्या वेळी वस्तू आणि भाव बदलता येतात, सांगाडा पुन्हा काढावा लागत नाही.